एका पानाचा प्रस्ताव

सॉफ्टवेअरची चाचणी ज्या सर्व्हरवर होते, ते क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर न्यायचे असतील, तर व्यवस्थापनाकडे एकच पान न्यावे. त्यात तंत्रज्ञानाची स्तुती नको, हिशेब हवा.

आठवड्याचे तास 168. चाचणी करणारे रोज 10 तास, आठवड्यातले पाच दिवस काम करतात, म्हणजे 50 तास. उरलेले 118 तास कार्यालयातला सर्व्हर रिकामाच चालतो. क्लाउडवर तो रात्री आपोआप बंद करता येतो आणि बंद काळात संगणकाचे भाडे लागत नाही. डिस्कचे भाडे मात्र चालूच राहते. हे पानावर स्पष्ट लिहावे, नाहीतर पहिल्याच बिलावर विश्वास उडतो. ॲमेझॉनच्या RDS सेवेत बंद ठेवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप सुरू होतो, हेही अनेकांना बिल आल्यावरच कळते. म्हणून खर्चमर्यादेची सूचना पहिल्याच दिवशी लावावी.

प्रयोगासाठी एकच अंतर्गत प्रणाली निवडावी, समजा रजेच्या अर्जांची. मुदत सहा आठवडे. ग्राहकांची खरी माहिती तिकडे न्यायची नाही; नावे, फोन क्रमांक बनावट भरायचे. जुना सर्व्हर तोवर तसाच ठेवायचा, म्हणजे माघार एका दिवसात घेता येते.

शेवटी यशाची कसोटी आधीच लिहावी: मासिक बिल ठरलेल्या रकमेच्या आत आणि नवे चाचणी वातावरण एका तासात तयार. यातले एकही जमले नाही, तर प्रयोग थांबवावा.