व्याज जमा होतंय, तरी खातं निष्क्रिय कसं?

नोकरी बदलली की जुनं पगाराचं खातं मागे पडतं. त्यात दहा-वीस हजार रुपये असतात, ‘असू दे, अडीअडचणीला होतील’ म्हणून आपण ते तसंच ठेवतो. मग एक दिवस मुलाच्या फीसाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी त्यातले पैसे काढायला जावं, तर एटीएम नकार देतं. शाखेत विचारल्यावर उत्तर मिळतं, ‘तुमचं खातं डॉरमंट झालंय.’ खातेदार पासबुक पुढे करतो आणि म्हणतो, ‘अहो, गेल्या तिमाहीचंसुद्धा व्याज जमा झालंय की!’

घोळ होतो तो इथेच. पासबुकात नोंदी येत आहेत म्हणजे खातं चालू आहे, असा बहुतेकांचा समज असतो. बँक मात्र नोंदी मोजत नाही. ती नोंद कोणामुळे झाली, हे बँक पाहते. रिझर्व्ह बँकेचे यासंबंधीचे सुधारित नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. त्यांनुसार बचत किंवा चालू खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराच्या बाजूने कोणताही व्यवहार झाला नाही, तर ते खातं निष्क्रिय ठरतं. बचत खात्यावरचं व्याज बँक स्वतःहून जमा करते. एसएमएसचे पैसे, कार्डाचं वार्षिक शुल्क, दंड हेही तीच वजा करते. त्यामुळे यातली कुठलीच नोंद खातेदाराची धरली जात नाही.

खातेदाराच्या बाजूचे व्यवहार कोणते, याची व्याख्या मात्र बरीच उदार आहे. पैसे भरणं, काढणं, चेक टाकणं, यूपीआयने पाठवणं हे तर आलंच. त्याशिवाय मुदत ठेवीचं व्याज या खात्यात येत असेल, लाभांश येत असेल, सरकारी अनुदान किंवा प्राप्तिकराचा परतावा जमा झाला असेल, दरमहा हप्ता कापला जात असेल, तर तेही धरलं जातं, कारण त्यामागे खातेदाराची सूचना किंवा त्याचा हक्क असतो. पैशाची उलाढालच हवी असंही नाही. मोबाइल बँकिंगमध्ये यशस्वी लॉगिन केलं, एटीएमवर पिन टाकून शिल्लक पाहिली, चेकबुक मागवलं, केवायसी अद्ययावत केलं, तरी दोन वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. लॉगिनचं हे कलम मला फार मोलाचं वाटतं. परगावी असलेल्या किंवा घराबाहेर न पडू शकणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा ॲप उघडून खातं जिवंत ठेवता येतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. ही तपासणी माणसाची नसते, खात्याची असते. एकाच बँकेत तुमची दोन बचत खाती असतील आणि एकातून रोज व्यवहार होत असतील, तरी दुसरं झोपू शकतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून कोणी नाशिकला गेलं. जुन्या पगार खात्यात 18,000 रुपये राहिले आणि त्यातून शेवटचं यूपीआय 12 ऑगस्ट 2023 ला झालं. पगार थांबल्यावर बँकेने ते साध्या बचत खात्यात बदललं. ऑगस्ट 2024 मध्ये वर्ष पूर्ण झालं. वर्षभर व्यवहार नसलेल्या खात्यांचा बँकेला दर वर्षी निदान एकदा आढावा घ्यावा लागतो आणि खातेदाराला पत्र, ईमेल किंवा एसएमएसने कळवावं लागतं. त्या सूचनेत दोन गोष्टी असायलाच हव्यात. पुढचं वर्षभर व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होईल, ही पहिली. तसं झालं तर ते सुरू करण्यासाठी केवायसीची कागदपत्रं नव्याने द्यावी लागतील, ही दुसरी. पण आपल्या खातेदाराचं पत्र चाकणच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर गेलं आणि मेसेज कंपनीने दिलेल्या, आता बंद झालेल्या सिमवर गेला. ऑगस्ट 2025 मध्ये खातं निष्क्रिय झालं. माझ्या मते खातं झोपण्याचं मूळ विसराळूपणात कमी आणि या जुन्या पत्त्यात व नंबरात जास्त असतं.

इशारा हाती आला तर तो नीट वाचावा. ‘केवायसी बाकी आहे’ हा मेसेज वेगळा; तो रोज वापरातल्या खात्यालाही येतो. ‘किमान शिल्लक नाही’ हाही वेगळा. निष्क्रियतेच्या खऱ्या इशाऱ्यात एक वर्ष व्यवहार नसल्याचा उल्लेख असतो आणि हातात अजून काही महिने असतात. ‘आज रात्री खातं बंद, लिंकवर क्लिक करा’ अशी घाई करणारा मेसेज फसवणुकीचा समजावा. लिंक उघडू नये, ओटीपी सांगू नये. पासबुकावरच्या नंबरवर फोन करावा किंवा सरळ शाखेत जावं. खातं न वापरण्याचं कारण बँकेला कळवलं, तर ती आणखी एक वर्ष ते चालू धरू शकते, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं.

खातं निष्क्रिय झालंच, तरी पैसे कुठे जात नाहीत. बचतीचं व्याज मिळत राहतं आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंड लावता येत नाही. निष्क्रिय होण्याआधीच्या काळात मात्र तो लागू शकतो, म्हणून पासबुक भरून घेऊन तेवढं तपासावं.

सुरू करण्यासाठी चाकणला जायची गरज नाही. त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत, म्हणजे नाशिकमध्येही, अर्ज घेतला गेला पाहिजे. बँकेकडे व्हिडिओ केवायसीची सोय असेल तर घरूनही काम होतं. आधार किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र, पॅन, फोटो आणि पासबुक बरोबर न्यावं. त्याच वेळी नवा मोबाइल नंबर आणि पत्ता बदलण्याचा फॉर्मही भरावा, नाहीतर पुढचा इशाराही चुकीच्या दारात पडेल. काम अडतं ते बहुधा सहीवर किंवा नावाच्या स्पेलिंगवर. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि खात्यावर नाही, एवढ्यानेही अर्ज परत येतो. संयुक्त खातं असेल तर बँका सहसा सगळ्या खातेदारांची कागदपत्रं मागतात.

यासाठी शुल्क घेता येत नाही. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याचा निपटारा व्हायला हवा. ‘पूर्ण’ या शब्दावर हे दिवस मोजले जातात, म्हणून तारीख आणि शिक्का असलेली पोच मागून घ्यावी. खातं सुरू झालं की बऱ्याच शाखा एखादा छोटा व्यवहार करायला सांगतात. तो तिथेच करावा. नंतर निदान सहा महिने बँक त्या खात्यावर बारकाईने लक्ष ठेवते, कारण झोपलेली खाती गैरव्यवहाराला सोपी असतात. मोठी रक्कम एकदम काढताना चौकशी झाली तर गोंधळून जाऊ नये.

दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. तिथूनही ती मिळते. दावा मात्र आपल्या बँकेकडेच करायचा. आई-वडिलांचं जुनं खातं कुठे होतं हे आठवत नसेल, तर udgam.rbi.org.in या पोर्टलवर नावाने शोधता येतं. हे सगळे नियम व्यापारी बँकांबरोबर सहकारी बँकांनाही लागू आहेत. गल्लीतली पतसंस्था मात्र बँक नाही. तिथली ठेव या पोर्टलवर सापडणार नाही, तिची विचारणा पतसंस्थेच्या कार्यालयातच करावी लागते.

बँकेने शुल्क मागितलं किंवा पोच असूनही काम रखडवलं, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त ती पोच आणि आधीच्या तक्रारीची प्रत जोडावी लागते.