व्हिडिओ केवायसी : मूळ पॅन कॅमेऱ्यासमोर कसा धरावा?

रिझर्व्ह बँकेने 9 जानेवारी 2020 रोजी व्हिडिओ केवायसीला परवानगी दिली. बँकेचा प्रशिक्षित अधिकारी थेट व्हिडिओ कॉलवर ओळख पटवतो. नियमांनुसार ही पडताळणी समोरासमोरच्या भेटीइतकीच ग्राह्य. कळंबच्या ग्राहकाला त्यासाठी नेरळ किंवा कर्जत गाठावे लागत नाही.

काय चालते : मूळ पॅन कार्ड किंवा डिजिलॉकरमधील ई-पॅन. ई-पॅनची छापील प्रत चालत नाही, झेरॉक्सही नाही.

कार्ड धरताना : लॅमिनेशन केलेल्या कार्डावर बल्ब किंवा खिडकीचा उजेड चमकतो आणि नेमका क्रमांक पांढरा पडतो. अशा वेळी कार्ड जवळ नेऊ नये. ते किंचित खाली झुकवावे, चमक सरकते. कडांना दोन बोटांनी धरावे. फोटो, नाव, जन्मतारीख, क्रमांक यांवर बोट नको. प्लास्टिकच्या पाकिटातून कार्ड आधीच काढून ठेवावे. अक्षरे स्पष्ट होईपर्यंत हात स्थिर ठेवावा. आपल्या स्क्रीनवर अक्षरे उलटी दिसली तरी कार्ड फिरवू नये. सेल्फी कॅमेरा आपल्याला आरशासारखी प्रतिमा दाखवतो.

ठिकाण : कॉलदरम्यान लोकेशन नोंदवले जाते, ग्राहक भारतातच असावा लागतो. कॉल तुटल्यास पडताळणी नव्याने करावी लागते. म्हणून घराच्या ज्या कोपऱ्यात रेंज टिकते, तिथेच बसावे.

उत्तरे : अधिकारी प्रश्नांचा क्रम बदलतो. समोर जिवंत माणूस आहे, रेकॉर्डिंग नाही, याची ती खातरजमा असते. शेजारून कोणी उत्तर सुचवल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

कॉल संपताच खाते सुरू होत नाही. बँकेच्या अंतर्गत तपासणीनंतरच ते वापरता येते.