‘वऱ्हाड’ शोधताना निसटणारी नोंद

माजी विद्यार्थ्यांच्या संगणकीय यादीत आपण ‘वऱ्हाडे’ हे आडनाव शोधतो, तेव्हा डोळ्यांसमोरची नोंदही कधी कधी सापडत नाही. संगणक अक्षराचे रूप पाहत नाही; त्यामागील युनिकोड क्रमांक जुळवतो.

‘वऱ्हाड’मधील अर्धा ‘र’ मुख्यतः दोन प्रकारे साठवला जातो. एकात ‘ऱ’ U+0931 व हलन्त चिन्ह असते. दुसऱ्यात साधा ‘र’ U+0930, हलन्त चिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह U+200D. पहिल्या प्रकारात शब्दाची चिन्हे सहा होतात, दुसऱ्यात सात. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणित एकरूपीकरणही हा भेद मिटवत नाही.

अदृश्य चिन्ह सरसकट पुसणे हा उपाय नव्हे; तसे केल्यास डोंगरातील ‘दऱ्या’ आणि सागर या अर्थाचा ‘दर्या’ एकच होतात. म्हणून दुसऱ्या क्रमाच्या जागी पहिला क्रम ठेवावा आणि शोधशब्दालाही तोच नियम लावावा.

तोपर्यंत ‘नोंद नाही’ असे उत्तर आले, म्हणून ती व्यक्ती येथे शिकलीच नाही असे आपण मानू नये. ‘हाडे’ एवढाच भाग शोधून पाहावा. तो दोन्ही क्रमांत सारखाच आहे.