फॉन्टचं नाव म्हणजे लोगोचं वर्णन नव्हे

नुसत्या अक्षरांचा लोगो, म्हणजे वर्डमार्क, कसा आहे असं विचारलं की बहुतेक जण फॉन्टचं नाव सांगतात. नाव कळलं की लोगो कळला, हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज.

फेडएक्सचा लोगो घ्या. 1994 साली लँडॉर या संस्थेत लिंडन लीडर यांनी तो केला. त्यांच्यासमोर युनिव्हर्स आणि फ्यूचुरा हे दोन फॉन्ट होते. कॅपिटल ई आणि छोटा एक्स यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांना बाण दिसू लागला होता, पण दोन्हींपैकी एकाही फॉन्टमध्ये तो नीट उमटेना. म्हणून त्यांनी दोन्हींचे गुण घेऊन नवी अक्षरं काढली, छोट्या अक्षरांची उंची वाढवली आणि काही अक्षरं एकमेकांना जोडली. आज तुम्ही यातला कुठलाही फॉन्ट घेऊन ते नाव टाइप केलंत, तरी तो लोगो तयार होणार नाही.

मग वर्णन कसं करायचं? आधी आकार: अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत, एफ आणि ई कॅपिटल, बाकीची छोटी, पण नेहमीपेक्षा उंच. मग अंतर: अक्षरं एकमेकांना खेटलेली. ईच्या मधल्या आणि खालच्या आडव्या दांड्यांमधली पोकळी हा बाणाचा दांडा, आणि एक्सच्या डाव्या बाजूची खाच हे त्याचं टोक. एक्स जरा उजवीकडे सरकवला की बाण मोडतो. इतकं वाचून एखादा पेंटरसुद्धा कच्चं चित्र काढू शकेल.

अंतराबाबत आणखी एक चूक हमखास होते. पट्टीने मोजून सगळीकडे सारखं अंतर ठेवलं की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन उभ्या दांड्यांमधली फट आणि दोन गोल अक्षरांमधली फट मोजून सारखी ठेवली, तर गोलांमधली मोठी दिसते. म्हणून गोल अक्षरं जास्त जवळ आणावी लागतात.

राहिलं वजन. ‘बोल्ड’ हा शब्द पुरेसा नाही, कारण एका फॉन्टचा बोल्ड दुसऱ्याच्या बोल्डपेक्षा कितीतरी बारीक असू शकतो. उभ्या दांड्याची जाडी अक्षराच्या उंचीशी ताडून सांगा. उंची 100 मिलिमीटर आणि दांडा 20 मिलिमीटर, म्हणजे जाडी उंचीच्या एक पंचमांश. लोगो कितीही लहानमोठा केला तरी हे प्रमाण बदलत नाही.

देवनागरी लोगोत शिरोरेषा अखंड आहे की तुटक, आणि ती कान्याइतकीच जाड आहे की बारीक, हेही नोंदवा. पुढच्या वेळी डिझायनरला लोगो समजावताना फॉन्टचं नाव शेवटी सांगा. आधी आकार, अंतर आणि जाडी सांगा.