डब्याच्या व्यवसायाचे चार रकाने

स्वॉट विश्लेषण म्हणजे व्यवसायाची बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांची चार रकान्यांत केलेली मांडणी. पहिले दोन रकाने मालकाच्या हातातल्या गोष्टींचे, पुढचे दोन बाहेरच्या परिस्थितीचे. कोणती गोष्ट कुठे लिहायची याची कसोटी सोपी आहे: आपला व्यवसाय उद्या बंद झाला तरी जी उरते, ती बाहेरची.

उदाहरणादाखल, पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना रोज 60 डबे पुरवणाऱ्या बाई घेऊ. भाजी महागली की त्या ती पटकन उणिवांत लिहितील. पण भाव सगळ्यांसाठीच चढतात, म्हणून तो धोका. रोज थोडी थोडी भाजी किरकोळ भावाने घेणे ही मात्र त्यांची स्वतःची उणीव, कारण ती सवय त्या बदलू शकतात.

सगळ्यात जास्त फसगत बलस्थानांत होते. ‘आमचा डबा स्वस्त’ हे तिथे हमखास लिहिले जाते. त्याचा हिशेब मांडून बघावा. डबा 80 रुपयांचा. त्यात किराणा-भाजी 46, गॅस 7, पोळ्यांच्या बाई आणि मदतनीस यांची मजुरी 14, पोचवणूक 8. खर्च 75, उरतात 5. म्हणजे 60 डब्यांमागे दिवसाला 300 रुपये, आणि पहाटेपासूनच्या स्वतःच्या कष्टांचा मोबदलाही त्यातूनच निघायचा. इथे स्वस्ताई ही उणीव ठरते. याउलट 60 पैकी 42 जण सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले असतील, तर चवीवरचा विश्वास हे खरे बलस्थान. वहीतली नोंदच त्याचा पुरावा.

बाहेर पाहिले, तर गिऱ्हाईक जवळजवळ सगळे विद्यार्थी. परीक्षा आटोपल्या किंवा दिवाळी आली की मुले गावी जातात आणि डबे निम्म्यावर येतात, हा धोका. आसपासच्या वाड्यांत आणि सोसायट्यांत एकटे राहणारे, कमी तेल-मिठाचे जेवण हवे असलेले ज्येष्ठ नागरिक ही संधी.

रकाने भरून काम संपत नाही; ते एकमेकांशी जोडल्यावरच निर्णय निघतो. चवीवरचा विश्वास ज्येष्ठांच्या गरजेशी जोडला, की 95 रुपयांचा पथ्याचा डबा सुचतो. ही मंडळी सहसा वर्षभर घरीच असल्याने सुट्टीतली घटही थोडी भरून निघते. पण पोळ्यांच्या बाई एकच असतील आणि त्यांच्या खाड्याच्या दिवशी डबे उशिरा जात असतील, तर ज्येष्ठांची जेवणाची वेळ पाळता येणार नाही. म्हणून आधी बदलीची व्यवस्था, मग नवे 15 डबे, असा क्रम ठरतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. कोणता मुद्दा किती जड हे रकाने सांगत नाहीत. ते पैशांत मोजावे लागते. शिवाय मांडणी त्या दिवसापुरतीच खरी असते. त्यामुळे दर बदलण्यापूर्वी आणि निदान सहा महिन्यांनी ती नव्याने करावी.