तीन पावलं, तीन शार्प

ए मेजरमध्ये शार्प किती आणि कोणते? पियानो शिकणारी मुलं हे तक्त्यावरून घोकतात आणि चार दिवसांत विसरतात. ‘सर्कल ऑफ फिफ्थ्स’ हाताशी असेल, तर उत्तर मोजून काढता येतं.

सी मेजरमध्ये सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, शार्प एकही नाही. सीपासून पाचवा स्वर जी. आपला षड्ज-पंचमच म्हणा ना. आता जीला सा मानलं, तर सातपैकी सहा स्वर जुनेच चालतात. अडतो फक्त एफ. तो जीचा निषाद होतो, आणि मेजरमधला निषाद वरच्या सापासून अर्ध्याच स्वरावर लागतो. म्हणून एफ शार्प. पुढच्या प्रत्येक पावलावर हेच घडतं: जुने शार्प राहतात, नव्या निषादाचा एक वाढतो. सीपासून जी, डी, ए ही तीन पावलं, म्हणून शार्पही तीन: एफ, सी, जी. तेही एकमेकांपासून पंचमाच्याच अंतरावर! पडताळा सोपा आहे: शेवटच्या शार्पच्या लगत वर सा सापडतो.

उलट दिशेने गेलं की पावलागणिक एक फ्लॅट वाढतो. पहिला मुक्काम एफ. त्यापुढे नवशिके हमखास ‘बी’ म्हणतात आणि पुढची सगळी मोजणी फसते. बी ते एफ हे अंतर पंचमापेक्षा अर्ध्या स्वराने कमी भरतं. तिथे बी फ्लॅटच हवा.

एक मर्यादा मात्र आहे. तीन शार्प एफ शार्प मायनरचेही असतात. सूर कुठे विसावतो, ते कानांनाच ठरवावं लागतं.