गृहकर्ज मुदतीआधी फेडताना

गृहकर्ज मुदतीआधी फेडायचे ठरले की पहिला कागद मागायचा तो फोरक्लोजर स्टेटमेंटचा. खाते बंद करायला ठरावीक तारखेला नेमके किती पैसे भरायचे, ते त्यात असते. म्हणून अर्जात कर्जखात्याचा क्रमांक आणि पैसे भरण्याची तारीख जरूर लिहावी. अर्ज शाखेत दिला तर पोच घ्यावी. ईमेल केला तर तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

समजा, मुद्दल १८ लाख ४० हजार उरले आहे आणि व्याजदर साडेआठ टक्के, फ्लोटिंग. दिवसाचे व्याज साधारण ४२८ रुपये होते. पाच तारखेचा हप्ता गेल्यावर अठरा तारखेला पैसे भरायचे असतील, तर तेरा दिवसांचे सुमारे ५,५७० रुपये व्याज लागेल. ते द्यावेच लागते. पण त्याखाली 'फोरक्लोजर चार्जेस २ टक्के' म्हणून ३६,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी दिसला, तर एकूण ४३,४२४ रुपयांचा प्रश्न उभा राहतो. तिथे थांबायचे.

वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना जून २०१२ मध्येच मनाई केली. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठीचे नवे निर्देश आणखी स्पष्ट आहेत: व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी व्यक्तीने घेतलेले फ्लोटिंग कर्ज असेल, तर पैसे कुठून आणले हे पाहायचे नाही, किमान मुदतीची अटही घालायची नाही. दुसऱ्या बँकेत कर्ज नेले तरीही शुल्क नाही. सहकर्जदार असला म्हणूनही फरक पडत नाही.

त्यामुळे 'सहानुभूतीने विचार करून शुल्क माफ करावे' अशी विनवणी करू नये, असे मला ठामपणे वाटते. तशा अर्जावर शाखेतला अधिकारी 'वरून मंजुरी येत नाही' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी सरळ लिहावे: 'माझे कर्ज फ्लोटिंग दराचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार त्यावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागू नाही. ते वगळून सुधारित स्टेटमेंट द्यावे.' सोबत मंजुरीपत्राचे दराबद्दलचे पान जोडावे.

ते पान आधी स्वतः मात्र नीट वाचावे. काही कर्जांत पहिली दोन-तीन वर्षे दर स्थिर असतो आणि मग फ्लोटिंग होतो. नव्या निर्देशांत परतफेडीच्या वेळी दर कोणता आहे, हे पाहिले जाते. स्थिर दराच्या काळात पैसे भरले तर शुल्क लागू शकते. दर बदलेपर्यंत थांबणे परवडते का, याचा हिशेब करावा.

तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जाता येते. पैसे भरल्यावर ना-हरकत दाखला घ्यावा आणि हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना रद्द करून घ्यावी. घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळायला हवीत. सावकाराच्या दोषामुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.